मध्यस्थीला जाताना एका पानावर काय लिहावं

ग्राहक आयोगातल्या मध्यस्थीबद्दल सध्या नागपुरात जो वाद ऐकू येतो, तो चुकीच्या जागी घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, मध्यस्थी म्हणजे सभ्य भाषेतली घासाघीस. तक्रारदाराने तिथे तोंड उघडू नये, कागद तर मुळीच देऊ नये, कारण आपला आकडा आधी सांगितला की समोरचा तिथूनच खाली खेचायला सुरुवात करतो. दुसरी बाजू म्हणते, मध्यस्थी हा सलोख्याचा मार्ग आहे, तिथे हिशेबाचे कागद आणि आरोप नकोत, मोकळ्या मनाने बसावं. दोघांचाही समज एकच की तिथे लिहून नेण्यासारखं काही नसतं. मला हे दोन्ही पक्ष घातक वाटतात. मध्यस्थीला जाणाऱ्या तक्रारदाराने एक पान लिहिलंच पाहिजे. त्यात घटना, नुकसान आणि आपल्याला मान्य होईल अशी तडजोड असावी, आणि तडजोडीचा आकडा नुकसानीच्या हिशेबातून निघालेला दिसावा. आपल्या बाजूची कमजोर गोष्टही त्याच पानावर आपणच लिहावी. एकच गोष्ट त्यावर लिहू नये: ज्याच्या खाली आपण जाणारच नाही ती शेवटची रक्कम.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथूनच येतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यात मध्यस्थीसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. तक्रार दाखल करून घेतल्यानंतर पहिल्या सुनावणीत किंवा पुढे केव्हाही आयोगाला वाटलं की तडजोडीला जागा आहे, तर दोन्ही बाजूंनी पाच दिवसांत लेखी संमती द्यावी असं तो सांगू शकतो. संमती आली की प्रकरण आयोगाला जोडलेल्या मध्यस्थी कक्षाकडे जातं. मध्यस्थ निकाल देत नाही, कोण चूक ते ठरवत नाही. दोघांना एका लेखी करारापर्यंत आणणं एवढंच त्याचं काम. म्हणून प्रत्येक बाजूने आपले मुद्दे आणि आपली भूमिका थोडक्यात लिहून मध्यस्थाला आधी द्यावी, अशी अपेक्षा या कामाच्या नियमावलीतही आहे. ते टिपण समोरच्या बाजूलाही जातं. म्हणजे पान लिहायचं की नाही हा प्रश्न उरतच नाही, कसं लिहायचं एवढाच उरतो.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा. ते म्हणतात, तक्रार अर्जात सगळं आलेलंच आहे. मग पुन्हा लिहून आपणच आपल्याला का बांधून घ्यायचं? आणि मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीवर आयोगाने आदेश दिला की त्यावर अपील नाही. हे खरं आहे, कायद्यातच तसं आहे. साध्या निकालावर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे जाता येतं, तडजोडीच्या आदेशावर जाता येत नाही. तेव्हा घाईत मान्य केलेला आकडा कायमचा गळ्यात पडतो, ही भीती खोटी नाही. पण या भीतीतून निष्कर्ष कोणता निघतो? अपील नसेल तर सही करण्याआधी जास्त लिहून, जास्त मोजून जायला हवं की कमी? मला तर यातून उलटंच दिसतं. ज्याच्याकडे आकड्यांचा कागद नसतो तोच त्या खोलीत दोन तास बसून थकतो आणि "द्या जे द्यायचं ते" म्हणून सही करतो.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक प्रकरण घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण त्यातला एकेक तपशील छतावर सौर पॅनल लावणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. मानेवाड्यातल्या एका बाईंनी घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटची यंत्रणा बसवायचं ठरवलं. कोटेशन 1,90,000 रुपयांचं. 15 जानेवारीला त्यांनी 1,75,000 भरले, 15,000 काम पूर्ण झाल्यावर द्यायचे. 45 दिवसांत नेट मीटरसह, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरसह, यंत्रणा चालू करून देऊ असं विक्रेत्याने कोटेशनवर लिहून दिलं, म्हणजे मुदत 1 मार्च. 20 फेब्रुवारीला पॅनल बसले. नेट मीटर मात्र ऑक्टोबर संपला तरी लागला नाही, त्यामुळे यंत्रणा बंदच राहिली आणि केंद्र सरकारच्या योजनेतून मिळणारं 78,000 रुपयांचं अनुदानही अडकलं. पॅनलचे पाय रोवताना गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग फुटलं होतं. पहिल्या पावसात खोलीत गळती झाली आणि दुरुस्तीला 8,500 रुपये गेले. तक्रार अर्जात मागणी अशी: 1,75,000 रुपये परत, मानसिक त्रासाचे दोन लाख, खर्चाचे पन्नास हजार.

हा अर्ज जसाच्या तसा मध्यस्थापुढे ठेवला तर काय होतं? विक्रेता पहिल्याच वाक्याला म्हणतो, "पैसे परत हवेत तर पॅनल काढून नेतो." बाईंना पॅनल काढायचे नाहीत, चालू करून हवे आहेत. म्हणजे अर्जातली मुख्य मागणी त्यांचीच नाही. अर्ज लिहिताना वकील मोठी मागणी ठेवतात, कारण आयोग मागितलं त्याहून जास्त सहसा देत नाही; ते तिथे योग्यच आहे. मध्यस्थीत तोच आकडा धरून बसलं की संभाषण सुरू व्हायच्या आत अडतं. अर्ज न्याय मागण्यासाठी असतो आणि टिपण करार करण्यासाठी, एवढा फरक लक्षात घेतला तर "पुन्हा का लिहायचं" याचं उत्तर आपोआप मिळतं.

मग टिपणातला घटनांचा भाग कसा लिहायचा? तारखेच्या क्रमाने, विशेषणं न लावता, आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद ठेवून. इथे बाईंच्या बाजूला एक अडचण आहे आणि ती लपवण्याचा मोह कुणालाही होईल. वीजजोडणी त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होती. विक्रेत्याने फेब्रुवारीत नेट मीटरसाठी अर्ज केला, तो नाव जुळत नाही म्हणून परत आला. नावबदल 22 एप्रिलला झाला. म्हणजे मार्च आणि एप्रिलमधला उशीर विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. पण पुढे काय झालं? नवीन नावाची बिलाची प्रत त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर विक्रेत्याला गेली, तरी त्याने अर्ज पुन्हा केला तो 11 ऑगस्टला. नंतर तपासणीला आलेल्या माणसांनी अर्थिंग अपुरं असल्याचं नोंदवलं आणि ते आजही पूर्ण झालेलं नाही. या प्रकरणाचा सगळा जीव 22 एप्रिल ते 11 ऑगस्ट या काळात आणि त्या अर्थिंगच्या नोंदीत आहे. बाईंनी पानावर स्वतःच लिहिलं की "मार्च-एप्रिलचा उशीर नावबदलामुळे झाला, त्याची भरपाई मी मागत नाही", तर विक्रेत्याच्या हातातलं एकमेव हत्यार निघून जातं. तो "तुमचेच कागद अपुरे होते" असं म्हणेल तेव्हा मध्यस्थ पानाकडे बोट दाखवून म्हणेल, ते त्यांनी मान्य केलंच आहे, एप्रिलनंतरचं सांगा. हेच जर विक्रेत्याच्या तोंडून आधी आलं, तर बाईंच्या बाकीच्या तारखांवरही संशय पडतो.

यावर वकील मंडळींचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो: मध्यस्थी फिसकटली तर ही कबुली उद्या आयोगापुढे आपल्याविरुद्ध वापरली जाईल. पण मध्यस्थीतलं बोलणं, प्रस्ताव आणि कबुल्या गोपनीय असतात. पुढच्या सुनावणीत दोन्ही बाजूंना त्यांचा आधार घेता येत नाही. शिवाय नाव जुळत नव्हतं हे तर वीज कंपनीच्या कागदावरच आहे. जी गोष्ट कागदावर असल्याने सिद्ध होणारच आहे, ती मान्य केल्याने काय गमावलं? आक्षेपाला जागा उरते ती एका ठिकाणी. ज्या गोष्टीबद्दल आपल्यालाच खात्री नाही, ती केवळ मोठेपणा म्हणून मान्य करू नये. गोपनीयतेचा नियम असला तरी समोरच्याला नवी माहिती मिळते आणि ती तो दुसऱ्या वाटेने शोधू शकतो.

आता नुकसान. इथे बहुतेक टिपणं कोसळतात, कारण लोक एकतर पूर्ण बिल मागतात किंवा गोल आकडा. बाईंनी मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांची बिलं काढली, बेरीज 33,000 रुपये. हे सगळं नुकसान आहे का? नाही. सौर यंत्रणा चालू असती तरी स्थिर आकार भरावाच लागला असता, आणि वीज वापर उत्पादनापेक्षा जास्त असल्याने काही युनिटचं बिलही आलंच असतं. मग काय करायचं? तीन किलोवॅटची यंत्रणा चांगल्या उन्हात महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देते. पावसाळ्याचे ढग धरून बाईंनी 300 च धरले. ते 300 युनिट प्रत्येक बिलातून वजा करून उरलेल्या युनिटचं बिल त्याच दराने मांडलं. वजा करताना एक गोष्ट चुकते: सौर विजेमुळे कमी होणारी युनिटं आधी वरच्या, महागड्या टप्प्यातली कमी होतात. बिलाची रक्कम एकूण युनिटने भागून सरासरी दर काढला तर आपणच आपलं नुकसान कमी दाखवतो. टप्प्याटप्प्याने मांडल्यावर सहा बिलं 33,000 ऐवजी 15,000 ची झाली असती. नुकसान 18,000, महिन्याला सरासरी 3,000.

दुसरी रक्कम गळतीची, 8,500, दुरुस्ती करणाऱ्याच्या पावतीसह. तिसरी अनुदानाची. इथे 78,000 मागणं चुकीचं ठरेल, कारण ते पैसे बुडालेले नाहीत, अडकले आहेत. यंत्रणा चालू झाली की येतील. नुकसान फक्त त्यांच्यावरच्या व्याजाचं: 9 टक्क्यांनी सहा महिन्यांचे 3,510. तिन्ही मिळून 30,010 रुपये. त्यातून बाईंनी अजून न दिलेले 15,000 वजा. निव्वळ येणं 15,010.

इथे ग्राहक चळवळीतले माझे काही मित्र अस्वस्थ होतात. सव्वाचार लाखांचा अर्ज आणि हातात पंधरा हजार? मानसिक त्रासाचं काय? सहा महिने ज्या बाईने नागपूरच्या मे महिन्यात पॅनलखाली बसून पूर्ण बिल भरलं, तिच्या त्रासाची किंमत शून्य? हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. त्रास खरा आहे आणि आयोगाला त्यासाठी भरपाई देण्याचा अधिकारही आहे. पण टिपणात दोन लाखांचा आकडा टाकला की समोरच्याला सोयीचं भांडण मिळतं. बिलाचे 18,000 नाकारता न आल्याने तो उरलेला सगळा वेळ त्या दोन लाखांवर घालवतो. माझ्या मते त्रासाची मागणी सोडून द्यायची नाही, तिला अट लावायची: "खालील रक्कम 21 दिवसांत मिळाली आणि काम ठरल्या मुदतीत झालं, तर मानसिक त्रास आणि खर्चाची मागणी मी मागे घेईन." विक्रेत्याला वेळेवर वागण्याचं कारण मिळतं. त्याने नकार दिला तर ती मागणी आयोगापुढे पूर्वीसारखीच उभी राहते.

शेवटचा भाग तडजोडीचा आणि खरं कौशल्य इथे लागतं. बाईंना नेट मीटर हवा आहे. म्हणून "पंधरा दिवसांत नेट मीटर बसवून द्यावा" असं लिहिणं सहज सुचतं. ते लिहू नये. मीटर वीज कंपनी बसवते, विक्रेता नाही. आणि वीज कंपनी या तक्रारीत पक्षकार नाही, तडजोडीवर तिची सही होणार नाही. जे विक्रेत्याच्या हातात नाही ते त्याने कबूल केलं तर उद्या तो "कंपनीने उशीर केला" म्हणून सुटेल. करारात तेवढंच लिहावं जे सही करणारा स्वतः करू शकतो आणि झालं की नाही हे तिसरा माणूस कागद पाहून सांगू शकतो. म्हणून बाईंच्या पानावरचा तडजोडीचा भाग असा:

"विक्रेत्याने सहीच्या तारखेपासून 10 दिवसांत अर्थिंग पूर्ण करून त्याचे फोटो व फेरतपासणीच्या अर्जाची पोच मला द्यावी. ते न झाल्यास अकराव्या दिवसापासून पोच मिळेपर्यंत दररोज 100 रुपये द्यावेत. मला येणे 15,010 रुपये 21 दिवसांत बँक खात्यात जमा करावेत. माझ्याकडील बाकी 15,000 रुपये या हिशेबात वळती झाले आहेत. करारातील पाच वर्षांची देखभाल कायम राहील. हे सर्व मुदतीत झाल्यास मानसिक त्रास व खर्चाची मागणी मी मागे घेईन."

दररोजचे 100 रुपये कुठून आले हे कुणी विचारलं तर उत्तर वरच्या हिशेबात आहे: महिन्याचे 3,000, तीस दिवस. आकडा आधी सांगितला की खाली खेचला जातो, हे गोल आकड्याच्या बाबतीत खरं आहे. पन्नास हजार म्हटलं की समोरचा वीस म्हणतो, कारण दोन्ही हवेतले. 15,010 खाली आणायचे असतील तर त्याला बिल, पावती किंवा व्याज यांपैकी एक चूक दाखवावी लागते. तशी चूक खरोखर निघाली, तर बाईंनी ती कमी करायला हरकत नसावी. आणि विक्रेत्याने रोकड नाही म्हणून दोन हप्ते मागितले, तर बाई कुठपर्यंत मागे सरकतील हे त्यांच्या मनात किंवा मध्यस्थाशी एकट्याने बोलताना सांगण्यात असावं. पान समोरच्याच्या हातात जातं. शेवटची रक्कम तिथे लिहिली की तीच पहिली रक्कम होते. एवढ्यापुरतं "तोंड उघडू नका" म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

लिहून घेऊन मग समेट, ही आपल्याकडे नवी रीत नाही. पेशवाईत पंचांपुढे वाद चाले तेव्हा दोन्ही पक्षांची तकरीर, म्हणजे आपापल्या बाजूचं निवेदन, लिहून घेतली जाई आणि पंचांचं मान्य करू असा राजीनामा, म्हणजे संमतीचा कागदही. दक्षिणेतला मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात या पंचायतींचं सविस्तर वर्णन केलं. त्यांची लोकांतली मान्यता सांगितली, तशी त्यांची दिरंगाईही सांगितली. त्या पद्धतीची ताकद लिहिलेल्या तकरीरीत होती आणि दुबळेपणा पंच जमवण्यात आणि निवाडा अमलात आणण्यात. आज हा दुसरा भाग कायद्याने भरून काढला आहे. तडजोडीचा अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत आयोग तसा आदेश काढतो, आणि तो आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25,000 ते एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग पहिला भागच आपण का सोडून द्यायचा? "लवकरात लवकर काम करून देईन" या वाक्याचा आदेश निघाला तर त्याचा भंग कोणत्या दिवशी झाला हे कोण ठरवणार? "10 दिवसांत अर्थिंग, पोच द्यावी" याचा भंग अकराव्या दिवशी कुणालाही दिसतो.

सलोख्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी शेवटी घेतो, कारण त्यात मला सर्वांत जास्त चांगुलपणा दिसतो. ते म्हणतात, कागद पुढे आला की माणसं ताठ होतात. आरोपांनी भरलेल्या कागदाने होतात, हे खरं. "फसवणूक", "लुबाडणूक" हे शब्द टिपणात नकोतच. त्याला एक कायदेशीर कारणही आहे: गंभीर फसवणूक किंवा बनावट कागदांची प्रकरणं मध्यस्थीला पाठवायची नसतात. ज्याला खरोखर फसवणूक सिद्ध करायची आहे त्याने मध्यस्थीला जाऊच नये. ज्याला आपलं काम पूर्ण करून हवं आहे त्याने तो शब्द वापरून वाट बंद करू नये. पण तारखांचा आणि हिशेबाचा कागद माणसांना ताठ करत नाही. विक्रेत्याच्या दुकानातला मुलगा, जो कदाचित मालकाच्या वतीने बसला असेल, तो खोलीबाहेर जाऊन मालकाला फोनवर काय सांगणार? त्याच्या हातात पान असेल तर तो वाचून दाखवू शकतो. नसेल तर "बाई खूप चिडल्या आहेत" एवढंच सांगेल.

म्हणून माझी मागणी आयोगाकडेही आहे. सिव्हिल लाईन्समधल्या कार्यालयात ज्या दिवशी मध्यस्थीची संमती घेतली जाते, त्याच दिवशी तक्रारदाराच्या हाती चार भागांचं एक कोरं पान द्यावं: तारखा आणि कागद, मला मान्य असलेली माझ्या बाजूची त्रुटी, नुकसानीचा हिशेब, मला मान्य होईल अशी तडजोड. ते मराठीत आणि हिंदीत असावं, कारण नागपुरात तक्रारदार आणि विक्रेता एकाच भाषेत वाचणारे असतील असं नाही. भरलेलं पान दोन्ही बाजूंना बैठकीच्या पुरेसं आधी मिळावं, आणि विरुद्ध पक्षाकडून येणाऱ्या माणसाला सही करण्याचा लेखी अधिकार आहे की नाही, हे तेव्हाच तपासलं जावं.